खरेदी भावावर घाईने आणलेला स्टॉप लॉस: एका स्विंग ट्रेडरच्या ४४ ट्रेडचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील व्यक्ती पुण्यात कोथरूडला राहतात आणि चाकणच्या एका कारखान्यात लेखा विभागात काम करतात. त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून येथे त्यांना केवळ ताई म्हटले आहे आणि शेअरची नावेही दिलेली नाहीत. त्या रोख बाजारात डिलिव्हरीने स्विंग ट्रेड करतात, म्हणजे शेअर घेऊन काही दिवस ते काही आठवडे ठेवतात. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये त्या उतरत नाहीत. सकाळी साडेसातला कंपनीची बस पकडायची आणि संध्याकाळी त्याच बसने परतायचे, असा त्यांचा दिनक्रम असल्यामुळे बाजाराच्या वेळेत त्यांना फोन हातात घ्यायला मिळतो तो फक्त जेवणाच्या सुट्टीत. ही बाब किरकोळ वाटली, तरी पुढे सगळे प्रकरण तिच्याभोवतीच फिरते.

त्यांची पद्धत साधी आणि विचारपूर्वक बसवलेली होती. काही आठवडे एका पट्ट्यात फिरणारा शेअर वरच्या अडथळ्यापलीकडे बंद झाला, की दुसऱ्या दिवशी खरेदी करायची, पट्ट्यातील शेवटच्या तळाच्या थोडा खाली स्टॉप लॉस, म्हणजे भाव तेथवर घसरला की शेअर आपोआप विकण्याची ऑर्डर, लावायचा आणि जोखमीच्या तिप्पट अंतरावर लक्ष्य ठेवायचे. भांडवल ८ लाख रुपये आणि प्रत्येक ट्रेडमधील जोखीम अर्धा टक्का, म्हणजे सुमारे ४,००० रुपये. ट्रेडर मंडळी या ठरवलेल्या जोखमीला एक आर म्हणतात आणि पुढे मीही तोच शब्द वापरतो. स्टॉप लागला तर उणे एक आर आणि लक्ष्य गाठले तर अधिक तीन आर. अशा मांडणीत चारांपैकी एक ट्रेड यशस्वी झाला, तरी खर्च सोडून हिशेब बरोबरीत सुटतो.

सुरुवातीच्या महिन्यांत त्यांना एक धक्का बसला. एक शेअर जवळजवळ एक आर नफ्यात जाऊन परत फिरला आणि थेट मूळ स्टॉपवर जाऊन बसला. त्या दिवशी त्यांनी वहीत लिहिले होते, ‘हातातोंडाशी आलेला घास गेला.’ त्याच सुमारास एका वर्गात त्यांच्या कानावर आले की नफ्यात आलेला ट्रेड कधीही तोट्यात जाऊ द्यायचा नाही आणि स्टॉप खरेदी भावावर आणला की तो ट्रेड ‘फुकटचा’ होतो. तेव्हापासून त्यांनी नियम केला की भाव अर्धा आर वर गेला, की स्टॉप लॉस खरेदी भावावर आणायचा.

अडचण

नऊ महिन्यांनी त्या वही घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांची तक्रार अशी होती की शेअरची निवड चांगली असते, घेतलेले शेअर पुढे वर जातातही, पण पैसे काही होत नाहीत. आपली खरेदीची वेळ चुकत असावी, असे त्यांना वाटत होते.

वहीत ४४ पूर्ण झालेले ट्रेड होते. १३ ट्रेड पूर्ण एक आर तोट्यात गेले होते आणि ६ ट्रेडनी तीन आरचे लक्ष्य गाठले होते. उरलेले २५ ट्रेड खरेदी भावावर बंद झाले होते. खर्च धरण्याआधी हा हिशेब अधिक ५ आर होतो. प्रत्येक ट्रेडला सरासरी ०.०८ आर खर्च आला होता, म्हणजे ४४ ट्रेडचा मिळून साडेतीन आर. हाती उरले दीड आर, म्हणजे सुमारे ६,००० रुपये. ८ लाखांच्या भांडवलावर नऊ महिन्यांत इतकीच कमाई झाली होती.

ताईंनी या २५ ट्रेडपुढे हिरव्या पेनाने ‘सुरक्षित’ असे लिहिले होते. माझे लक्ष सर्वात आधी त्या हिरव्या शाईकडे गेले, कारण अर्ध्याहून अधिक ट्रेड एकाच भावावर संपत असतील, तर त्याचे कारण खरेदीच्या वेळेत शोधण्याआधी बाहेर पडण्याच्या नियमात शोधावे लागते.

एक ट्रेड जवळून

त्यांपैकी एक ट्रेड येथे सविस्तर मांडतो. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीचा शेअर सात आठवडे ६३८ रुपयांच्या वर टिकत नव्हता. एका शुक्रवारी तो ६३८ च्या वर बंद झाला आणि सोमवारी ताईंनी ६४२ रुपयांना १६६ शेअर घेतले. पट्ट्यातील शेवटचा तळ ६२० रुपयांच्या आसपास होता, म्हणून स्टॉप ६१८ वर लावला. जोखीम प्रतिशेअर २४ रुपये, एकूण ३,९८४ रुपये. लक्ष्य ७१४. या शेअरचा १४ दिवसांचा एटीआर, म्हणजे एका दिवसातील सरासरी चढउतार, १५ रुपये होता.

मंगळवारी भाव ६५६ पर्यंत गेला. जेवणाच्या सुट्टीत ताईंनी फोन उघडला, तेव्हा पडद्यावर दोन हजारांहून अधिक नफा दिसत होता आणि अर्ध्या आरची अट, म्हणजे ६५४, पूर्ण झाली होती. त्यांनी जीटीटी, म्हणजे अनेक दिवस टिकणारी ऑर्डर बदलून ट्रिगर, म्हणजे ज्या भावाला ती जागी होते तो भाव, ६४२ वर आणला, मर्यादा भाव, म्हणजे ज्याखाली विक्री करायची नाही तो भाव, ६४० ठेवला आणि समाधानाने डबा उघडला.

बुधवारी भाव ६४०.६० पर्यंत खाली आला आणि दिवसअखेर ६५० वर बंद झाला. मधल्या वेळेत ऑर्डर लागून शेअर ६४१.७० ला विकले गेले होते. शुक्रवारी भाव आणखी उतरून ६३४ ला टेकला आणि तेथून फिरला. ६१८ ची पातळी त्याने पुन्हा पाहिलीच नाही. विक्रीनंतरच्या अकराव्या सत्रात शेअरने ७१४ गाठले. मूळ स्टॉप जागेवर असता, तर ११,९५२ रुपये मिळाले असते.

प्रत्यक्षात काय मिळाले, तेही पाहण्यासारखे आहे. त्यांच्या ब्रोकरकडे डिलिव्हरीवर दलाली शून्य असली, तरी खरेदी आणि विक्री दोन्हींवर ०.१ टक्का दराने एसटीटी हा शेअर व्यवहारावरील कर लागतो, खरेदीवर ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क लागते, शिवाय बाजाराचे व्यवहार शुल्क, त्यावरील जीएसटी आणि विक्रीच्या दिवशी डीमॅट खात्यातून शेअर काढण्याचे डीपी शुल्क. या ट्रेडमध्ये हे सगळे मिळून सुमारे २५० रुपये झाले. त्यात ट्रिगरपेक्षा ३० पैसे कमी भाव मिळाल्याचे ५० रुपये धरले, तर ‘सुरक्षित’ ट्रेडने ३०० रुपये नेले होते. खऱ्या अर्थाने बरोबरीत सुटायचे, तर स्टॉप ६४२ वर नव्हे, साधारण ६४३.५० च्या वर हवा होता, म्हणजे चालू भावाच्या आणखी जवळ.

असे का घडले

मंगळवारी स्टॉप हलवल्यानंतर दिवसाचा उच्चांक आणि स्टॉप यांच्यात १४ रुपयांचे अंतर उरले होते. शेअर एका सामान्य दिवसात १५ रुपये वरखाली होतो. म्हणजे ताईंचा स्टॉप एका दिवसाच्या नेहमीच्या हालचालीच्या आत होता आणि तो लागण्यासाठी कोणतीही वाईट बातमी यावी लागत नव्हती. मूळ स्टॉपचे अंतर मात्र खरेदीपासून २४ रुपये, म्हणजे सुमारे १.६ एटीआर होते आणि तो पट्ट्यातील तळाखाली होता. भाव तेथे गेला असता, तर ब्रेकआउट, म्हणजे अडथळा ओलांडून वर जाणे, फसले असे म्हणायला आधार होता. ६४२ या आकड्याला असा कोणताही आधार नव्हता. तो केवळ ताईंच्या खरेदीचा भाव होता.

उलट ब्रेकआउटच्या पद्धतीत खरेदी भावाचा परिसर हीच परत येण्याची जागा असते. सात आठवडे ६३८ जवळ विकणारे लोक एका दिवसात नाहीसे होत नाहीत. भाव वर गेला, की काही जण नफा काढतात, त्यामुळे भाव जुन्या अडथळ्यापर्यंत येतो आणि तेथे नवे खरेदीदार भेटतात. यालाच रिटेस्ट म्हणतात. प्रत्येक शेअर रिटेस्ट करतोच असे नाही, पण ज्या ठिकाणी तो होण्याची शक्यता सर्वाधिक असते, नेमका तेथेच स्टॉप आणून ठेवायचा, असा ताईंचा नियम होता.

‘फुकटचा ट्रेड’ ही कल्पना तपासण्यासाठी आम्ही कागदावर एक हिशेब मांडला. बाजाराला कोणतीही दिशा नाही, भाव नाणेफेकीसारखा वरखाली होतो, असे क्षणभर धरू. अशा वेळी दोन पातळ्यांपैकी वरची आधी गाठली जाण्याची शक्यता ही खालच्या पातळीपासूनचे अंतर भागिले दोन्ही पातळ्यांमधील एकूण अंतर एवढी असते. भाव अर्धा आर वर असताना स्टॉप मूळ जागी ठेवला, तर खालचे अंतर दीड आर आणि एकूण अंतर चार आर, म्हणजे लक्ष्य गाठण्याची शक्यता ३७.५ टक्के. स्टॉप खरेदी भावावर आणला, तर खालचे अंतर अर्धा आर आणि एकूण तीन आर, म्हणजे शक्यता सुमारे १७ टक्के. आता दोन्हींचे सरासरी मूल्य काढले, तर ते अगदी सारखेच, अर्धा आर येते. तोटा शून्यावर आणला, त्याची पुरेपूर किंमत लक्ष्य गाठण्याच्या शक्यतेतून वसूल झाली. फुकट असे काही मिळालेच नाही.

हे झाले दिशाहीन बाजाराचे. ताईंच्या निवडीत काही गुण असेल, म्हणजे ब्रेकआउटनंतर भावाचा थोडासा कल वरच्या बाजूला असेल, तर गणित स्टॉप हलवण्याच्या विरोधात जाते. असा कल रोज थोडाथोडा साचतो आणि दहा-पंधरा सत्रांत दिसू लागतो. एक-दोन दिवसांत मात्र रोजच्या चढउतारापुढे तो नगण्य असतो. जवळचा स्टॉप ट्रेडला नेमक्या त्या एक-दोन दिवसांत अडकवतो, जेथे कौशल्याचा भाग जवळजवळ शून्य आणि नशिबाचा भाग जवळजवळ सगळा असतो.

हे ताईंच्या वहीतही दिसले. ४४ पैकी ३१ ट्रेड अर्धा आर वर गेले होते. त्यांपैकी ६ ट्रेडनी लक्ष्य गाठले, म्हणजे १९ टक्के. नाणेफेकीचा आकडा १७ होता. स्टॉप हलवल्यानंतर ताईंच्या निवडीचे मोल जवळपास उरले नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

त्या २५ ट्रेडचे पुढे काय झाले असते, हे आम्ही शनिवारच्या दोन सकाळी बसून दैनिक चार्टवर एकेक करून पाहिले. एकाच दिवशी लक्ष्य आणि स्टॉप दोन्ही गाठले गेले असतील, तर स्टॉप आधी लागला असे धरायचे आणि भाव स्टॉपच्या खालीच उघडला असेल, तर उघडण्याचा भाव घ्यायचा, असे आधीच ठरवून घेतले. मागे वळून पाहताना हात आपोआप आपल्याला हव्या त्या उत्तराकडे झुकतो, म्हणून हे आधी ठरवणे आवश्यक होते.

पहिला पर्याय होता स्टॉप मुळीच न हलवण्याचा. तसे केले असते, तर २५ पैकी १० ट्रेडनी लक्ष्य गाठले असते आणि १५ ट्रेड पूर्ण तोट्यात गेले असते. एकूण ४४ मध्ये १६ यशस्वी आणि २८ अयशस्वी, खर्च वजा जाता सुमारे अधिक साडेसोळा आर. ताईंनी हा आकडा पाहून वही बाजूला ठेवली आणि काही वेळ त्या बोलल्या नाहीत. पण याच पर्यायाची दुसरी बाजू मी त्यांना लगेच दाखवली. त्यांच्या नियमात सलग पूर्ण तोट्याची सर्वात लांब माळ चार ट्रेडची होती. स्टॉप न हलवता ती आठ ट्रेडची झाली असती, म्हणजे जवळजवळ ३२,००० रुपये एकापाठोपाठ गेले असते. आणि त्या १५ ट्रेडपैकी प्रत्येक ट्रेड आधी नफ्यात दिसून मग बुडाला असता.

‘तुम्ही म्हणता ते कागदावर पटतं,’ त्या म्हणाल्या, ‘पण दुपारी एक वाजता फोनवर ते पटत नाही.’ हे वाक्य मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले, कारण कोणताही नियम या कसोटीला उतरणार नसेल, तर तो त्यांच्या उपयोगाचा नव्हता.

दुसरा पर्याय खरेदी भावावर स्टॉप आणण्याचाच, पण अर्ध्याऐवजी पूर्ण एक आर झाल्यावर. यात १५ तोट्यांपैकी ६ वाचले असते, पण १० यशस्वी ट्रेडपैकी ४ खरेदी भावावर कापले गेले असते. खर्च जाता साडेदहा आर. त्यांच्या जुन्या नियमापेक्षा हे पुष्कळ बरे होते, पण चूक तीच राहत होती, ती फक्त थोडी उशिरा होत होती.

तिसरा पर्याय एक आरला अर्धे शेअर विकण्याचा आणि उरलेल्या अर्ध्यांचा स्टॉप मूळ जागी ठेवण्याचा. हा मनाला सर्वात रुचणारा होता. पण त्यामुळे यशस्वी ट्रेडची कमाई तीनवरून दोन आरवर येते आणि दोन वेगळ्या दिवशी विक्री झाल्याने डीपी शुल्क दोनदा लागते. वहीतील ट्रेडवर त्याचे उत्तर सहा आरच्या आसपास आले.

चौथा पर्याय चार्टच्या रचनेनुसार स्टॉप हलवण्याचा. भाव वर जाऊन खाली येतो, एक तळ करतो आणि पुन्हा आधीच्या उच्चांकाच्या वर बंद होतो, तेव्हाच तो तळ ‘हायर लो’ म्हणून पक्का झाला असे मानायचे आणि स्टॉप त्याच्या थोडा खाली आणायचा. वरच्या ट्रेडमध्ये हा नियम लावला, तर मंगळवारी आणि बुधवारी काहीच करायचे नव्हते. शुक्रवारचा ६३४ चा तळ होऊन भाव पुढे ६५६ च्या वर बंद झाल्यावर स्टॉप ६३१ वर आला असता. तो खरेदी भावाच्या खालीच आहे, याकडे मी ताईंचे मुद्दाम लक्ष वेधले. स्टॉपची पहिली हालचाल खरेदी भावावरच जाऊन थांबली पाहिजे, असे कोठेही बंधन नाही. जोखीम एक आरवरून अर्ध्याच्या खाली आली आणि भावाला वावरायला जागाही राहिली. या पर्यायाचे उत्तर सुमारे अठरा आर आले आणि सलग तोट्याची माळ आठवरून सहावर आली.

साडेसोळा आणि अठरा यांत काही फरक आहे, असे मी मानत नाही. ४४ ट्रेडमध्ये एक मोठा ट्रेड इकडचा तिकडे झाला, तरी एवढा फरक पडतो. त्या नऊ महिन्यांत बाजाराचा कल अनुकूल नसता, तर पहिल्या पर्यायाचे आकडेही इतके देखणे दिसले नसते. पण दीड आर आणि साडेसोळा आर यांतील दरी दहा ट्रेडमधून आलेली होती आणि तिचे कारण यंत्रासारखे स्पष्ट दिसत होते, म्हणून त्या निष्कर्षावर विश्वास ठेवायला आम्ही तयार झालो.

केलेली कृती

ताईंनी चौथा पर्याय निवडला आणि त्याला दोन अटी जोडल्या. पहिली, स्टॉप बदलण्याचा निर्णय फक्त संध्याकाळी, दिवसाचा बंद भाव पाहूनच घ्यायचा. दुसरी, नवा स्टॉप बंद भावापासून किमान दीड एटीआर दूर असला पाहिजे. तळ पक्का झाला असला, तरी अंतर त्याहून कमी भरत असेल, तर वाट पाहायची.

खरेदीच्या संध्याकाळीच जीटीटीमध्ये स्टॉप आणि लक्ष्य दोन्ही एकत्र लावायचे, म्हणजे एक लागले की दुसरे रद्द होते. साधी स्टॉप लॉस ऑर्डर त्याच दिवसापुरती असल्याने काही दिवस चालणाऱ्या ट्रेडला ती पुरत नाही. येथे एक तांत्रिक दुरुस्तीही केली. ताई ट्रिगरच्या खाली फक्त दोन रुपयांवर मर्यादा भाव ठेवत असत. एखाद्या सकाळी शेअर त्याहून खाली उघडला असता, तर ऑर्डर पडून राहिली असती आणि शेअर विकलेच गेले नसते. आता त्या ट्रिगर आणि मर्यादा भाव यांत सुमारे दोन टक्के अंतर ठेवतात.

सर्वात महत्त्वाचा बदल मात्र स्टॉपचा नव्हता. त्यांनी प्रत्येक ट्रेडची जोखीम ४,००० वरून २,५०० रुपयांवर आणली. दोन हजार रुपयांचा नफा हातून जाईल या कल्पनेने जेवण गोड लागत नसेल, तर ट्रेडचा आकार त्या माणसासाठी मोठा आहे. स्टॉप जवळ आणून ताई खरे तर आकारच कमी करू पाहत होत्या, पण चुकीच्या जागी. सहा सलग तोटे म्हणजे २४,००० ऐवजी १५,००० रुपये, हे त्यांना आधी कागदावर आणि मग मनाशी मान्य करता आले. याच कारणामुळे, नुसत्या आकड्यांवरून बरा दिसणारा पर्याय त्यांना पाळता येईल असा झाला.

परिणाम

पुढील पाच महिन्यांत २१ ट्रेड झाले. ६ ट्रेडनी लक्ष्य गाठले, ११ पूर्ण तोट्यात गेले आणि ४ हलवलेल्या स्टॉपवर किरकोळ फरकाने बंद झाले. खर्च जाता उत्तर अधिक पावणेपाच आरच्या आसपास, म्हणजे सुमारे १२,००० रुपये. २१ ट्रेडवरून पद्धत सिद्ध होत नाही. पण तीन आर मिळवून देणाऱ्या सहापैकी दोन ट्रेड अर्धा आर वर जाऊन खरेदी भावाखाली आले होते आणि मग लक्ष्यापर्यंत गेले होते. जुन्या नियमात ते दोन्ही ‘सुरक्षित’ म्हणून हिरव्या शाईत गेले असते आणि त्यांचे ६ आर हिशेबात आलेच नसते.

या काळात सलग सात तोट्यांची माळ आली. आम्ही सहाची तयारी केली होती. सातव्यानंतरच्या ट्रेडमध्ये ताईंनी नियम मोडला. जेवणाच्या सुट्टीत फोन उघडून स्टॉप खरेदी भावावर आणला. दुसऱ्या दिवशी तो लागला आणि त्यानंतर शेअर घसरत मूळ स्टॉपच्याही खाली गेला. म्हणजे नियम मोडल्यामुळे त्यांचे जवळजवळ २,५०० रुपये वाचले.

मला या प्रकरणातील हा सर्वात नाजूक क्षण वाटतो. जुना नियम नऊ महिने टिकला, तो अशाच अनुभवांमुळे. मूळ नोंदीतील २५ ट्रेडपैकी १५ वेळा स्टॉप खरेदी भावावर आणणे फायद्याचेच ठरले होते. पाचपैकी तीन वेळा बरोबर ठरणारी सवय चुकीची आहे, हे अनुभवातून कळणे फार अवघड असते. प्रत्येक वेळी वाचतो एक आर आणि हुकतात ते तीन, पण वाचलेला आर डोळ्यांसमोर पडझडीच्या रूपाने दिसतो, तर हुकलेले तीन आर दोन आठवड्यांनी, कोणी बघत नसताना घडतात. ताईंनी त्या ट्रेडची नोंद ‘नियमभंग, फायदा’ अशी केली आणि तो नव्या पद्धतीच्या हिशेबात धरला, वगळला नाही.

काय वेगळे करता आले असते

सर्वात मोठी उणीव वहीच्या रकान्यांत होती. ताई खरेदी, विक्री आणि नफा-तोटा लिहीत होत्या, पण विक्रीनंतर त्या शेअरचे काय झाले याची नोंद नव्हती. ट्रेड बंद झाल्यावर पुढची २० सत्रे भाव मूळ स्टॉपवर आधी गेला की लक्ष्यावर, एवढा एकच रकाना असता, तर दहा-बारा ट्रेडनंतरच शंका आली असती. दुसरा रकाना हवा होता तो यशस्वी ट्रेड लक्ष्यापर्यंत जाताना खरेदीपासून जास्तीत जास्त किती खाली आला याचा. मागाहून काढलेल्या १६ यशस्वी ट्रेडपैकी बहुतेक अर्ध्या आरपेक्षा फार खाली गेले नव्हते. त्यावरून मूळ स्टॉपच थोडा जवळ आणता येईल का, हा निराळा आणि अधिक उपयोगी प्रश्न पुढे आला आहे, पण तो तपासायला ताईंना आणखी ट्रेड लागतील.

आम्ही एक चूक दोघांनी मिळून केली. स्टॉपचा नियम आणि जोखमीचा आकार एकाच दिवशी बदलला, त्यामुळे पुढील पाच महिन्यांत ताईंचे वागणे सुधारले ते कशामुळे, हे नेमके सांगता येत नाही. आधी फक्त आकार कमी करून वीसेक ट्रेड जुन्याच नियमाने केले असते, तर स्टॉप हलवण्याची घाई आपोआप किती कमी होते ते दिसले असते. माझा अंदाज आहे की बरीच कमी झाली असती.

फोनवरील भावाच्या सूचनाही पहिल्याच दिवशी बंद करायला हव्या होत्या. त्या बंद झाल्या नियमभंगानंतर, म्हणजे तीन महिने उशिरा.

स्टॉप लवकर खरेदी भावावर आणणे नेहमीच चूक असते, असेही या प्रकरणातून निघत नाही. कंपनीचे तिमाही निकाल दुसऱ्या दिवशी लागणार असतील आणि ट्रेडर त्यातून जायला तयार नसेल, तर ट्रेडचा मूळ आधारच बदललेला असतो. पण तेव्हाही स्टॉप जवळ आणण्यापेक्षा शेअर कमी करणे अधिक खात्रीचे, कारण निकालानंतर भाव स्टॉप ओलांडून खालीच उघडला, तर ६४२ चा ट्रिगर ६४२ ला विक्री मिळवून देत नाही. ताईंच्या वहीत असे तीन ट्रेड होते. त्यामुळे आता निकालाची तारीख खरेदीच्या दिवशीच लिहिली जाते आणि ती लक्ष्याच्या आधी येत असेल, तर अर्धेच शेअर घेतले जातात.